नोंदणी नसलेली भागीदारी आणि अडकलेली उधारी

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची करत नाही. भागीदारीपत्र झाले, व्यवसाय सुरू झाला की संस्था कायदेशीर ठरते. तिचे करारही वैध असतात. मात्र नोंदणी नसेल तर कलम ६९ न्यायालयाचा दरवाजा बंद करते, आणि तोही एकाच बाजूने. करारातून आलेला हक्क बजावण्यासाठी अशी संस्था ग्राहकावर दावा लावू शकत नाही. ग्राहक मात्र तिच्यावर लावू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इचलकरंजीतील दोन भागीदारांनी १० जून २०२२ रोजी एका व्यापाऱ्याला २,८०,००० रुपयांचे कापड तीस दिवसांच्या उधारीवर दिले. उधारी १० जुलैला संपली, पैसे आले नाहीत. मुदत कायद्यानुसार तेव्हापासून तीन वर्षे, म्हणजे १० जुलै २०२५ पर्यंत, दावा लावता येतो. भागीदारांनी संस्थेच्या नावाने मार्च २०२४ मध्ये दावा दाखल केला. प्रतिवादीने आपल्या लेखी कैफियतीत संस्था नोंदलेली नसल्याची हरकत घेतली. भागीदारांनी धावपळ करून ऑगस्टमध्ये नोंदणी उरकली.

त्याने हा दावा वाचत नाही. नोंदणी दावा दाखल होण्याच्या दिवशी असावी लागते आणि नंतरच्या नोंदणीने आधीचा दोष धुतला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डीडीए विरुद्ध कोचर कन्स्ट्रक्शन (१९९८) या प्रकरणात स्पष्ट केले. मूळ हक्क मात्र मरत नाही. नोंदणीनंतर, मुदत शिल्लक असेल तर, नवा दावा लावता येतो. म्हणून या भागीदारांनी हरकतीवर वाद घालत बसू नये. न्यायालयाची परवानगी घेऊन जुना दावा काढून घ्यावा आणि जुलै २०२५ पूर्वी नवा दाखल करावा. परवानगीने काढलेल्या दाव्यामुळे मुदत थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २३, नियम २ सांगतो की पहिला दावा जणू लावलाच नव्हता असे धरून मुदत मोजायची. निकालाची वाट पाहत १० जुलै २०२५ उलटला, तर खरा माल, खरी बिले आणि खरी थकबाकी असूनही रक्कम बहुधा बुडते. ही शिक्षा चुकीच्या मानाने फारच जड आहे, पण कलमाचे शब्द त्याहून सौम्य अर्थाला वाव देत नाहीत.

संस्था नोंदलेली असणे ही अर्धीच अट आहे. दावा लावतेवेळी जे भागीदार आहेत त्यांची नावे निबंधकाच्या नोंदवहीतही असावी लागतात. श्रीराम फायनान्स विरुद्ध यासीन खान (१९८९) या प्रकरणात संस्था नोंदलेली होती, पण भागीदारांतील बदल नोंदवहीत चढले नव्हते. दावा टिकला नाही. मुलाला भागीदारीत घेतले आणि फक्त नवे भागीदारीपत्र करून कपाटात ठेवले, तर नेमका हाच धोका असतो. दाव्यापूर्वी नोंदवहीचा ताजा उतारा काढून नावे ताडून पाहणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

अडथळा करारातल्या हक्कापुरताच आहे. भाडेपट्टा संपल्यावर कायद्याने मिळणारा जागेचा ताबा मागणे (रॅप्टाकोस ब्रेट, १९९८) किंवा व्यापारचिन्हाची नक्कल रोखणे (हल्दीराम, २०००) यांना सर्वोच्च न्यायालयाने कलम ६९ लागू केले नाही. मालाच्या बिलाची वसुली मात्र करारातलीच. तिला ही वाट नाही.

भागीदाराने भागीदारावर लावलेल्या दाव्यालाही हेच बंधन आहे. संस्था चालू असताना नफ्याचा वाटा मागणे, भागीदारीपत्रातील अट पाळायला लावणे, हे नोंदणीशिवाय शक्य नाही. कायदा इथे एक वाट मोकळी ठेवतो : संस्थेचे विसर्जन, विसर्जित संस्थेचे हिशेब आणि तिच्या मालमत्तेची वसुली यांसाठीचा दावा चालतो. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम २अ घालून हीही वाट जवळजवळ बंद केली होती. भागीदाराला संस्थेत राहणे अशक्य आणि बाहेर पडून आपला पैसा मागणेही अशक्य, अशी ती कोंडी होती. व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश राव (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, आणि ते योग्यच झाले.

त्यामुळे आज नोंदणी नसलेल्या संस्थेतील फसलेल्या भागीदाराने दाव्यात काय मागितले आहे यावर सारे ठरते. ‘माझे चार लाख परत द्या’ एवढीच मागणी असलेला दावा कलम ६९(१) मध्ये अडकतो. भागीदारी मुदतीची नसून इच्छाधीन असेल, तर आधी लेखी नोटिशीने ती विसर्जित करावी आणि मग विसर्जन जाहीर करून हिशेब घेण्याची मागणी करावी. तेच चार लाख, हिशेबात निघाले तर, त्या वाटेने मागता येतात.