फोडणीचा ठसका

गावी चुलीपुढे फुंकणी फुंकताना आईचे डोळे पाणावत. लंडनच्या सदनिकेत आलो, तेव्हा तो धूर मागे राहिला असे आम्ही मानले. तरीही ठेच्यासाठी मिरच्या परतल्या की घरभर ठसका लागे आणि डोळे चुरचुरत.

शेगडीवरील चिमणी जोरात चाले. कागदी रुमाल तिच्या जाळीला चिकटून राही. म्हणजे ओढ होती. परंतु बाहेर जाणारी नळीच नव्हती. जाळीत तेलाचे थेंब अडकत, कोळशाच्या गाळणीत थोडा वास मुरे आणि उरलेली हवा पुन्हा आमच्याच तोंडावर येई.

पुढे आम्ही गॅस काढून इंडक्शनची शेगडी घेतली. ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड थांबला, ठसका मात्र राहिला. तो इंधनाचा नव्हताच. अतितापल्या तेलातून अ‍ॅक्रोलीन निघते, मिरचीतून कॅप्सेसिन उडते. घसा आणि डोळे झोंबतात ते यांमुळे.

अखेर घरमालकाच्या परवानगीने भिंतीतून नळी बाहेर काढली. आता तेल तापण्यापूर्वीच पंखा लावतो आणि फोडणी मागच्या शेगडीवर करतो, कारण पुढच्या शेगडीचा धूर चिमणीच्या कडेने निसटतो. खिडकी बोटभर उघडी ठेवतो. बंद घरात पंख्याला ओढण्यास हवा अपुरी पडते. स्वयंपाकानंतरही पंखा पंधरा मिनिटे चालू असतो.

नळी शक्य नसेल, तर खिडकी पूर्ण उघडावी आणि आतले दार लावावे. तेलात मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो तडतडला की तेल पुरेसे तापले. धूर दिसेपर्यंत थांबू नये.