रायगडावरचा शिलालेख : तारीख पाठ करू नका, काढा

महाड-पोलादपूरकडच्या शाळांची सहल रायगडावर जातेच. जगदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीतल्या संस्कृत शिलालेखासमोर मुलं फोटो काढतात, कुणीतरी अर्थ सांगतो, रांग पुढे सरकते. माझं मत असं की इथे अर्धा तास थांबावं आणि संपूर्ण लेख न वाचता त्यातला एकच शब्द सोडवावा : षण्णवबाणभूमि.

हा शब्द म्हणजे शक आहे. जुन्या लेखांत आकडे वस्तूंच्या नावांनी लिहीत. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ. बाण म्हणजे पाच, कारण मदनाचे बाण पाच. भूमी एकच, म्हणून एक. आता ओळीने लिहिलं तर ६९५१ येतं, आणि मुलं हसतात. हसू द्यावं! नियम असा की हे अंक एककापासून सांगितलेले असतात, म्हणजे उजवीकडून डावीकडे मांडायचे. मग येतं १५९६. त्यात ७८ मिळवले की १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष. (शक चैत्रात सुरू होतो, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात.)

पण वाचन बरोबर आहे हे कशावरून? लेखातच पडताळा आहे. शकाच्या पुढेच ‘आनंद संवत्सर’ असं कोरलंय. साठ संवत्सरांच्या यादीत आनंद अठ्ठेचाळिसावा. शकात १२ मिळवून साठाने भागा : १६०८ भागिले ६०, बाकी ४८. जुळलं! एखादा अंक चुकून वाचला असता तर बहुधा इथेच पकडला गेला असता. फक्त जपायचं, लेखाच्या सुरुवातीलाही ‘आनंद’ येतो, तो जगाला आनंद देणारा या अर्थाने, देवळाचं विशेषण म्हणून. वर्ष त्यात शोधू नका.

अक्षरं पुसट वाटली तर सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात खाचा सावलीने उठून दिसतात. नाहीतर बॅटरी बाजूने धरा. खडू, हळद, तेल मात्र दगडाला लावू देऊ नका.

लेख जिथे कोरलाय ती जागाही वाचायची असते. गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव भिंतीवरच्या संस्कृतात आहे, आणि मंदिराच्या पायरीवर पुन्हा, साध्या मराठीत, सेवेला तत्पर म्हणून. पायरीवर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडेल तिथे. हा अर्थ लावायला दगडाचाच आधार आहे.

महादरवाज्यावरच्या दोन कमळांचं तसं नाही. ती लक्ष्मी आणि सरस्वतीची खूण, असं सर्रास सांगतात. असेलही. पण कमळाखाली काही लिहिलेलं नाही. मी मुलांना वहीत दोन रकाने आखायला लावतो, एकात ‘दिसतं ते’, दुसऱ्यात ‘सांगतात ते’. कमळं पहिल्यात जातात, लक्ष्मी-सरस्वती दुसऱ्यात.