अभिनंदन जरूर करा, पण किती जणांपैकी ते सांगा

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचे पहिले पान आणि गावातला प्रत्येक चौक हसऱ्या चेहऱ्यांनी भरतो. मुलांच्या कौतुकाला कोण हरकत घेईल? हरकत आहे ती कौतुकाच्या आडून विकल्या जाणाऱ्या आकड्यांना.

१. अभिनंदनाची जाहिरात ज्या मुलांचे फोटो छापते, त्यांच्यासाठी ती नसतेच. ती मुले आता कॉलेज सोडून चालली आहेत. तिचा खरा वाचक म्हणजे बारावी झालेल्या मुलीचा बाप. शाखा कोणती आणि कर्ज किती, याचा हिशेब तो त्याच आठवड्यात मांडत असतो. म्हणून ही जाहिरात प्रवेशाच्या माहितीपत्रकाइतकीच जबाबदारीने लिहिली गेली पाहिजे.

२. आधी क्रमांकांचे पाहू. बारावीची गुणवत्ता यादी राज्य मंडळ गेली अनेक वर्षे काढत नाही. मग 'मंडळात तिसरी' हे कॉलेजला कोणी सांगितले? सीईटीच्या पर्सेंटाइलचीही तीच गत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९९ गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ९९ टक्के मुले त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. फ्लेक्सवर मात्र या दोन्हींची सरमिसळ होते. शिवाय तोच मुलगा कॉलेजच्या फ्लेक्सवर, क्लासच्या फ्लेक्सवर आणि जुन्या शाळेच्याही फ्लेक्सवर! 'महाविद्यालयात प्रथम' हे कॉलेजला स्वतःच्या दप्तरातून सिद्ध करता येते. तेवढेच त्याने लिहावे.

३. खरी मेख प्लेसमेंटमध्ये आहे. समजा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला १२० मुले आहेत. बॅकलॉग नसलेली आणि दहावीपासून ६० टक्क्यांच्या वर असलेली ६० मुलेच 'पात्र' ठरवली जातात. कंपन्यांकडून ६६ नियुक्तिपत्रे येतात. पण ती पडतात ४२ मुलांच्या हातात, कारण काहींना दोन-दोन, तीन-तीन मिळतात. जाहिरात ६६ ला ६० ने भागते आणि 'शंभर टक्क्यांहून अधिक प्लेसमेंट' असे बिनदिक्कत छापते. 'वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली?' या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र १२० पैकी ४२, म्हणजे ३५ टक्के, असे आहे. पगाराचेही तेच. पाच मुलांना वर्षाला २४, ३.५, ३.५, ३ आणि ३ लाख मिळाले, तर सरासरी निघते ७.४ लाख. पाचातल्या चौघांना त्याच्या निम्मेही मिळत नाही! मधल्या मुलाचा पगार ३.५ लाख, आणि आपल्या पोराच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज तोच आकडा देतो. त्या २४ लाखांत एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस धरला आहे का, तेही कोणी सांगत नाही. कर्जाचा हप्ता जाहिरातीतल्या सरासरीवर बेतला, तर तो फेडायचा कोणी?

४. 'खरे छापले तर प्रवेश कोण घेईल?' असे संस्थाचालक म्हणतात. पण खरी जाहिरातही देखणी होऊ शकते. वरच्याच कॉलेजची ती अशी होईल: 'शेवटच्या वर्षाच्या १२० पैकी ९६ विद्यार्थी सर्व विषयांत उत्तीर्ण. ४२ जणांना कॅम्पसमधून नोकरी; मधला पगार वार्षिक ३.५ लाख रुपये. १८ जण पुढील शिक्षणासाठी. सर्वांचे अभिनंदन.' खाली फोटो विभागवार पहिल्या आलेल्यांचे हवेत, तसे दोन वर्षे अडकलेला गणिताचा पेपर यंदा सोडवून पदवी मिळवणाऱ्याचेही हवेत, अर्थात त्याची इच्छा असेल तर. (अशा मुलाला शिकवलेल्या प्राध्यापकांना विचारा, कोणत्या निकालाने त्यांना अधिक आनंद झाला.) ज्या कॉलेजला हे छापण्याची लाज वाटते, त्याने आपल्या जाहिरातीची नव्हे, निकालाची काळजी करावी.

५. यात नवीन काहीच मागितलेले नाही. प्लेसमेंटचा दावा करताना त्या वर्गातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या द्यावी आणि मागील कामगिरी ही भावी नोकरीची हमी नाही असे स्पष्ट लिहावे, हे जाहिरात मानक परिषदेच्या शिक्षणसंस्थांसाठीच्या नियमांत आहेच. कोचिंग क्लासेससाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-फोटो वापरण्यापूर्वी निवडीनंतर त्याची लेखी संमती घ्यावी आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला तेही छापावे, असे त्यांत म्हटले आहे. क्लासला लागणारी शिस्त कॉलेजला जड का व्हावी? पानभर जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या वर्तमानपत्रांनीही 'एकूण विद्यार्थी किती?' हा रकाना भरल्याशिवाय मजकूर छपाईला सोडू नये. आणि आपण पालकांनी प्रवेशाच्या खिडकीवर शुल्क भरण्याआधी विभागवार तीनच आकडे लेखी मागावेत: शेवटच्या वर्षाला मुले किती होती, नोकरी किती जणांना मिळाली, आणि मधला पगार किती.