मांडवाच्या दाराशी



लग्नघरांत कामे वाटली जात असता एका कामाची वाटणी बहुधा शेवटी होते. भटारखाना कोणाकडे, आहेराची वही कोणाकडे, पाहुण्यांची उतरण्याची सोय कोणाकडे, हे आठवडाभर आधी ठरते. मग कोणीतरी म्हणतो, "आणि दाराशी कोण उभे राहणार?" आणि ज्याच्याकडे दुसरे काम नाही अशा एखाद्या काकांना तेथे उभे केले जाते. मीही त्यांपैकीच एक आहे. बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात आप्तेष्टांच्या बऱ्याच लग्नांत मी सभागृहाच्या दाराशी उभा राहिलो आहे, आणि एकदा असा चुकलो की त्यानंतर या कामाला मी हलके मानणे सोडून दिले.

पुतण्याचे लग्न होते. सभागृहाच्या दाराशी मी एका जुन्या परिचितांशी हात हातांत घेऊन बोलत होतो. ते दूरच्या गावाहून आले होते. मुलांची शिक्षणे, जमिनीचा वाद, गुडघ्याचे दुखणे, सारे विचारून झाले. मागे रांग वाढली होती, पण माझी पाठ तिच्याकडे होती. त्या रांगेत खानापूरच्या बाजूची माझी थोरली मावशी नातवाला कडेवर घेऊन उन्हात उभी होती. बऱ्याच वेळाने ती दारापाशी आली, तेव्हा गोंधळून मी तिला "या, या, आत बसा" एवढेच म्हणालो. कोण आहे हे डोळ्यांनी पाहिले, पण नाते तोंडात आले नाही. ती आत आली, नवरा-नवरीला आशीर्वाद दिला आणि जेवण न घेता परतली. तिने कोणाकडेही तक्रार केली नाही. पुढे महिन्याभराने तिच्या घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुला घाई होती, बाळ, मला कळले." ते वाक्य मला रागापेक्षा जड गेले.

या चुकीत माझा दोष होताच. पण तिच्यामागे एक साधे गणितही होते, आणि ते आपल्याकडील लग्नांत विशेष लागू पडते. हिंदू शेजाऱ्यांच्या कार्यालयात पाहुणे मुहूर्ताच्या आधी तास-दीड तास थोडेथोडे येत राहतात. आपल्याकडे चर्चमधील विधी संपतो, आणि सारी मंडळी एकाच वेळी बाहेर पडून सभागृहाकडे निघते. त्यातच कोल्हापूरकडून भाड्याची गाडी येते आणि चाळीस माणसे एकदम उतरतात.

असे समजा की दोनशे ऐंशी माणसे येणार आहेत. माणसे कुटुंबाने येतात, तेव्हा सरासरी चौघांचे एक धरले तर ती सत्तर कुटुंबे झाली. विधी संपल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत साठ कुटुंबे दारापाशी पोचतात, म्हणजे मिनिटाला चार. आता दाराशी उभा असलेला माणूस प्रत्येक कुटुंबावर अर्धा मिनिट घालवीत असेल, तर तो मिनिटाला दोनच कुटुंबे आत सोडतो. पंधरा मिनिटांनी तीस कुटुंबे आत गेलेली असतात आणि तीस बाहेर उभी असतात. त्यांतील शेवटच्या कुटुंबाला आणखी पंधरा मिनिटे थांबावे लागते. अर्धे मिनिट म्हणजे काही फार नव्हे. तरीही तेवढ्याने शंभर-सव्वाशे माणसे उन्हात राहतात. तोच वेळ पाव मिनिटावर आणला, तर मिनिटाला चार कुटुंबे आत जातात आणि रांग जमतच नाही.

पण पाव मिनिटात माणसाचा मान राखायचा कसा? उत्तर असे की, अर्ध्या मिनिटातील निम्मा वेळ मानाचा नसतोच. तो इतर गोष्टींत जातो. पाहुणा आहेराचे पाकीट पुढे करतो, ते घेऊन खिशात घालावे लागते, कोणाचे ते लक्षात ठेवावे लागते. कोणी गुलाबपाणी शिंपडतो, कोणी पेढा देतो, लहान मुलांना आईच्या मागून पुढे ढकलले जाते. हे सारे उंबरठ्यावरच होते आणि त्याने वाट अडते. म्हणून आम्ही आता गुलाबदाणी आणि पेढ्याचे ताट दारापासून दहा पावले आत, मुलामुलींच्या हाती देतो. आहेराचे टेबल त्याहूनही आत असते आणि तेथे वही घेऊन एक शांत माणूस बसलेला असतो. दाराशी कोणी पाकीट पुढे केलेच तर, "आत टेबलावर द्या, तेथे नाव लिहून घेतील," एवढेच सांगावे. नाव लिहिले जाईल हे कळले की कोणालाही वाईट वाटत नाही. मग दाराशी एकच गोष्ट उरते: नाव किंवा नाते घेऊन "या" म्हणणे.

दुसरी सोय म्हणजे दाराशी एक माणूस पुरत नाही, तिघे हवेत. एक वधूकडचा, एक वराकडचा. तिसरा घरातील एखादा तरुण; त्याने बोलायचे नाही, पाहुण्याला पुढे घालून खुर्चीपर्यंत न्यायचे. या तिसऱ्याचे महत्त्व मला मावशीच्या प्रसंगानंतर कळले. जो पाहुणा बोलत थांबतो, त्याला मी स्वतः "पुढे व्हा" म्हणालो तर त्याचा अपमान होतो; पण तरुणाने आदराने "काका, चला, तुमच्यासाठी पुढे जागा ठेवली आहे" म्हटले तर तोच हसत चालू लागतो. जागा मात्र खरेच ठेवलेली असावी.

रांग वाढली हे ओळखायला मागे वळून मोजण्याची गरज नसते. समोरच्या माणसाची नजर आपल्या खांद्यावरून आत जाऊ लागते, बायका मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतात, आणि एखाददुसरे कुटुंब बाजूच्या दाराने आत सरकते. ते बाजूचे दार धरणारे लोकच पुढे म्हणतात की आम्हाला कोणी विचारले नाही. दाराबाहेर आठ कुटुंबांपलीकडे रांग दिसली, की वधूपक्षाचा आणि वरपक्षाचा माणूस एकत्र स्वागत न करता वेगवेगळ्या कुटुंबांचे स्वागत करू लागतो. त्याने वेग दुप्पट होतो. दाराशेजारी सावलीत सात-आठ खुर्च्याही ठेवाव्या. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेल्या आया यांना रांग चुकवून पुढे घेतले तर कोणी रागावत नाही; एखाद्या बड्या अधिकाऱ्याला पुढे घेतले की सगळे रागावतात.

आता राहिला नावाचा प्रश्न. आपल्याकडे वडील माणसाला नावाने हाक मारणे म्हणजे नाव घेणे नव्हे. "गडहिंग्लजची मावशी", "निपाणीचे थोरले मामा" हेच त्यांचे नाव. नाते आणि गाव एकत्र आले की माणूस पुरता ओळखला गेला असे त्याला वाटते. हल्ली "अंकल, आंटी" म्हणून सगळ्यांना एका मापात घालण्याची रीत आली आहे. तिने वेळ वाचतो, पण काका आणि मामा यांतला फरकच पुसला जातो, आणि मामाला तो कळतो.

गाव धरून माणूस लक्षात ठेवण्याला आणखीही आधार आहे. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अनोळखी चेहऱ्यांबरोबर माणसांना आडनाव आणि व्यवसाय दोन्ही सांगितले गेले. एकच शब्द, जसे "बेकर", एखाद्याचे आडनाव म्हणून सांगितला तर लोक तो जास्त विसरत. तोच व्यवसाय म्हणून सांगितला तर अधिक ध्यानात राहत असे. आपल्याकडेही "कुंभार" आडनाव विसरते, पण मडकी करणारा कुंभार विसरत नाही. म्हणून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही घरच्या लोकांनी यादी घेऊन बसावे, आणि ती नावांच्या क्रमाने न वाचता गावांच्या क्रमाने वाचावी: कागलकडचे किती घर, हुक्केरीकडचे किती, कोण शेतकरी, कोण शाळेत, कोणाकडे यंदा मयत झाले. हे शेवटचे विशेष लक्षात ठेवावे.

एवढे करूनही काही चेहरे अडतात. त्यासाठी दाराजवळच्या खुर्चीवर घरातली एखादी जुनी आत्या बसवावी. तिला सारे गोत ठाऊक असते. पाहुणा चार पावलांवर असताच ती हळूच सांगते, "चंदगडचे, धाकट्या मामांचे जावई." प्राचीन रोममध्ये श्रीमंत लोक याच कामासाठी एक गुलाम बरोबर ठेवीत, समोरून येणाऱ्याचे नाव धन्याच्या कानात सांगणे एवढेच त्याचे काम. आपल्या आत्येला मात्र ते काम प्रेमाने करता येते.

आणि आत्येलाही न आठवले तर? अंदाजाने नाव घेऊ नये. एका लग्नात मी एका गृहस्थांना त्यांच्या दिवंगत भावाच्या नावाने हाक मारली. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. "कोणाकडचे तुम्ही?" असेही विचारू नये, त्यात परकेपणा येतो. "प्रवास नीट झाला ना? गाडी कुठून धरली?" असे विचारले की गाव आपोआप कळते, आणि गावावरून आत्येला माणूस आठवतो.

आपल्या या भागात आणखी एक गुंता आहे, भाषेचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि कागल मुंबई राज्यात राहिले, पण सोयरिकी दोन्हीकडे चालूच राहिल्या. हुक्केरी-गोकाककडील पाहुण्याला "बर्री, बर्री" म्हटले की तो निम्मा आपला होतो. मात्र नात्यांचे शब्द जपून घ्यावे. कानडीत "अत्ते" म्हणजे आत्या, पण सासूही. "माव" म्हणजे मामा, पण सासराही. एखाद्या अविवाहित तरुणाने नवरीच्या मैत्रिणीच्या आईला मोठ्याने "अत्ते" म्हटले तर दाराशी हशा पिकतो. शंका असेल तेथे "अक्का" आणि "अण्णा" हे शब्द दोन्ही भाषांत चालतात.

शेवटची गोष्ट. पाव मिनिटाचे स्वागत हे एक प्रकारचे कर्ज असते. ज्याच्या घरी मयत झाले त्याचा हात दाबून "नंतर बसून बोलू" म्हटले, तर नंतर खरेच बसून बोलले पाहिजे. माझ्या खिशात त्या दिवशी एक छोटा कागद असतो. ज्यांना घाईने आत सोडले त्यांची गावे त्यावर लिहितो. रांग संपली की मी दार सोडतो आणि पंक्तीतून फिरतो. कागदावरील प्रत्येक गावापाशी थांबतो, वाढणाऱ्याला बोलावतो, दोन घास होईतो बसतो. कागद संपल्याशिवाय मी स्वतः जेवत नाही.

मावशी आता नाही. पण तिचा नातू, जो त्या दिवशी तिच्या कडेवर होता, तो मागच्या हिवाळ्यात आमच्या घरच्या एका लग्नात दाराशी उभा होता. तिसरा माणूस म्हणून, पाहुण्यांना खुर्चीपर्यंत नेणारा.