अहवाल म्हणजे निदान नव्हे

गेल्या आठवड्याच्या टपालात आम्हांला एका वाचक भगिनीचे पत्र आले. वय ४२, व्यवसाय शिक्षिकेचा, दोन मुलांची आई. शाळेतर्फे झालेल्या आरोग्यतपासणीत त्यांची पॅप चाचणी झाली आणि अहवालात ‘एचएसआयएल’ अशी चार अक्षरे आली. तो अहवाल घेऊन त्या ज्या डॉक्टरांकडे गेल्या त्यांनी ‘मुले झाली आहेत, आता पिशवी ठेवून करायचे काय?’ असे विचारून पुढच्याच सोमवारची शस्त्रक्रियेची तारीख दिली. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा अहवालही दोन वर्षांपूर्वी असाच आला होता. त्यांनी मात्र तो घडी घालून कपाटात ठेवला. कारण ‘काही त्रास तर होत नाही!’ एकाच घरातील दोघींनी परस्परविरुद्ध दोन वाटा धरल्या आणि आमच्या मते त्या दोन्ही चुकीच्या आहेत.

गर्भाशयमुखाच्या चाचणीतून कर्करोग आहे की नाही हे सिद्ध होत नाही. अधिक बारकाईने कोणाला पाहावे, एवढेच तीतून कळते. पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरच्या सुट्या पेशी खरवडून काचेवर किंवा द्रवात घेतात. त्या पेशी वेड्यावाकड्या दिसल्या, तर त्यांच्याखालच्या अस्तरात विकृती असण्याचा संभव असतो. ‘एचएसआयएल’ याचा अर्थ तो संभव मोठा आहे. परंतु विकृती अस्तराच्या आतच थांबली आहे की खाली उतरली आहे, हे सुट्या पेशी सांगू शकत नाहीत. त्यासाठी ऊतीचा तुकडाच पाहावा लागतो.

म्हणून पुढची पायरी कॉल्पोस्कोपी ही होय. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबावयाचे आणि भिंगातून ते न्याहाळावयाचे. विकृत भाग पांढरा उठून दिसतो. तेथील लहानसा तुकडा घेऊन रोगनिदानतज्ज्ञाकडे पाठवितात. ही बायॉप्सी होय, व निदान तिच्यावर ठरते. सौम्य, म्हणजे पहिल्या दर्जाची विकृती असेल तर ती बहुधा आपोआप मावळते. तिच्यावर नजर ठेवणे पुरते. दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाची असेल तर सामान्यतः उपचार करावे लागतात, पण त्यासाठी पिशवी काढण्याचे सहसा कारण नसते. विजेच्या तारेच्या वेटोळ्याने विकृत भाग तेवढा कापून काढतात. जागा बधिर केली की हे काम थोड्या वेळात होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. ‘एचएसआयएल’सारख्या अहवालात काही वेळा तज्ज्ञ पहिल्याच भेटीत हा भाग काढतात, पण काढलेला तुकडा तपासणीस गेलाच पाहिजे. विकृत भाग उष्णतेने किंवा गोठवून जाळण्याचीही पद्धत आहे. मात्र तीत तपासावयास काही उरत नाही. म्हणून पांढरा भाग संपूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तेव्हाच ती योग्य.

येथेच घाईच्या शस्त्रक्रियेतील खरा धोका आहे. बायॉप्सीवाचून पिशवी काढली आणि नंतर तिच्यात पसरू लागलेला कर्करोग निघाला, तर झालेली शस्त्रक्रिया अपुरी ठरते. अशा रोगासाठी पिशवीभोवतालच्या ऊती व लसिकाग्रंथी काढण्याची निराळी, मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात, आणि अर्धवट शस्त्रक्रियेनंतर ते अधिक अवघड होते. उलट विकृती अस्तरापुरतीच असेल, तर एक मोठी शस्त्रक्रिया विनाकारण पदरी पडते. शिवाय पिशवी गेली तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी पुढेही करावीच लागते.

आता जाऊबाईंच्या कपाटातील अहवालाविषयी. या रोगाच्या आधीच्या अवस्थेत त्रास बहुधा होतच नाही; म्हणूनच चाचणीचे प्रयोजन. तिसऱ्या दर्जाची विकृती तशीच ठेवली तर काय होते, याचे उत्तर न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका दुःखद प्रकरणाने दिले. तेथे १९५५ ते १९७६ या काळात काही स्त्रियांवर योग्य उपचार न करता त्यांना नुसते निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना पुढील ३० वर्षांत कर्करोग झाला. योग्य उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. सोमवारची घाई करण्याइतका हा रोग वेगवान नाही. आणि कपाटात ठेवण्याइतका तो निरुपद्रवीही नाही. कॉल्पोस्कोपीसाठी काही आठवडे हाताशी असतात, काही वर्षे नसतात.

चाचणी कोणती आणि किती वर्षांनी, हाही प्रश्न भगिनींनी विचारला आहे. त्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचे चार गट पाडून अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, चाचणी न दिलेल्या गटात ६४. त्या गटाला चाचणीवाचून ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, हे विसरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीलाच अग्रक्रम दिला: वयाच्या ३० व्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी. पॅप चाचणी असेल तर दर तीन वर्षांनी. एचआयव्हीबाधित स्त्रियांना सुरुवात २५ व्या वर्षी व अंतर कमी. आम्लाने नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धत शिबिरांत वापरतात. ऋतुनिवृत्तीनंतर मात्र तपासावयाचा भाग आत सरकतो व ती भरवशाची राहत नाही. लस घेतलेल्यांनाही चाचणी चुकत नाही. आणि ऋतुनिवृत्तीनंतर, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होत असेल, तर चाचणीची पाळी येण्याची वाट न पाहता सरळ तपासणीस गेले पाहिजे, मग मागचा अहवाल कितीही निर्दोष असो.

एचपीव्हीचा अहवाल सदोष आला की घराघरांत जो संशय शिरतो, त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. हा विषाणू अत्यंत सर्वसामान्य आहे, बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत नाहीसा होतो आणि कित्येक वर्षे सुप्तही राहू शकतो. त्याच्यावरून तो केव्हा व कोणाकडून आला हे कोणालाही ठरविता येत नाही. अहवाल हा चारित्र्याचा दाखला नव्हे. त्याचा प्रकार १६ किंवा १८ असेल तर कॉल्पोस्कोपी करावी. इतर प्रकार असून पॅप निर्दोष असेल, तर एक-दोन वर्षांनी पुन्हा चाचणी घ्यावी.

त्या भगिनींना आमचे सांगणे एवढेच की, सोमवारची तारीख रद्द करावी आणि त्याऐवजी कॉल्पोस्कोपीची तारीख घ्यावी. बायॉप्सीचा अहवाल हाती आल्यावाचून शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करू नये. उपचार झाले तर वर्षाच्या आत पुन्हा चाचणी करावी व पुढेही अनेक वर्षे नियम मोडू नये. तसेच जाताना जाऊबाईंना बरोबर न्यावे; दोघींपैकी अधिक उशीर त्यांनाच झाला आहे. शाळा, बँका व मंडळे शिबिरे भरवितात त्यांनाही आमचा प्रश्न आहे: सदोष अहवाल आलेल्या स्त्रीला पुढे कोठे पाठवावयाचे, हे शिबिराच्या आधी ठरलेले असते काय? ठरलेले नसेल, तर त्या शिबिरातून घरोघरी केवळ भीतीचे कागद जातात.