आजीच्या बिडीतला 'च' आणि एआयचा शिक्का

इंग्रजीत प्रबंध किंवा शोधनिबंध जमा करणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या हातात आता दोन आकडे पडतात. एक साम्याचा, म्हणजे सिमिलॅरिटीचा. दुसरा एआयचा. गाईड लोक दोन्हींकडे एकाच नजरेने बघतात आणि घोळ तिथेच होतो.

साम्याच्या अहवालात पुरावा असतो. अमुक ओळ अमुक पुस्तकातून आली, हे समोर दिसतं आणि त्यावर भांडता येतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो नियम उचलेगिरीचा आहे, एआयच्या टक्क्यांचा नाही. एआयच्या आकड्यामागे कुठलंही मूळ पुस्तक नसतं. यंत्र फक्त म्हणतं, हे लिखाण मशीनच्या लिखाणासारखं वाटतं. आरोप आहे, पण पुरावा दाखवत नाही.

'वाटतं' म्हणजे काय? यातले बरेचसे डिटेक्टर ढोबळमानाने हे मोजतात की तुमचा पुढचा शब्द किती अंदाजाने ओळखता येतो आणि वाक्यांची लांबी, घडण किती एकसारखी आहे. सरळ, ठराविक शब्दांचं, सारख्या लयीचं लिखाण दिसलं की शिक्का. लिहिणारा कोण, विचार कुणाचा, हे त्याला कळायचं साधनच नाही.

आता एक वाक्य घेऊन बघू. मुलीने वहीत मनातल्या मनात मराठीतून इंग्रजी केलं: 'फ्रॉम हर बिडी वर्क ओन्ली, माय फादर्स स्कूलिंग वॉज डन.' तिच्या बिडीवरच बापाची शाळा झाली. व्याकरण तपासणारं अ‍ॅप आधी लाल रेघ मारतं, स्वल्पविराम हलवतं, एखादं स्पेलिंग सुधारतं. इथवर फारसं बिघडत नाही, वाक्य अजून तिचंच आहे. मग निळं बटण येतं: वाक्य पुन्हा लिहून देऊ? ती दाबते, कारण इंग्रजीला हसतील ही भीती आहे. बाहेर पडतं: 'हर इन्कम फ्रॉम बिडी रोलिंग प्लेड अ क्रूशियल रोल इन सपोर्टिंग माय फादर्स एज्युकेशन.'

हे 'प्लेड अ क्रूशियल रोल' मशीनचं लाडकं घासून गुळगुळीत झालेलं वळण आहे. असं चाळीस पानं केलं की प्रत्येक परिच्छेद त्याच साच्यातून निघतो आणि डिटेक्टर बोंब मारतो. खरं सांगायचं तर त्या वाक्याबाबत तो फार चुकतही नाही, कारण शब्दांची ती मांडणी मशीनचीच आहे. चूक आहे त्यावरून 'तू लिहिलंच नाहीस' असा निकाल काढणाऱ्या माणसाची. आणि जाता जाता 'ओन्ली' गेला, म्हणजे 'च' गेला. आजी हा एकमेव आधार होता, ती आता 'महत्त्वाची भूमिका' बजावणारी झाली. माझ्या मते हे नुकसान शिक्क्याहून मोठं आहे.

अ‍ॅप न वापरताही धोका आहेच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के 'एआय' ठरले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. म्हणजे साधं, शिकून घेतलेलं इंग्रजी आधीच संशयित आहे, त्यावर अ‍ॅपने आणखी इस्त्री फिरवायची.

आणि प्राध्यापक मामाने ज्याचा प्रबंध ओळीओळीने नीट करून दिला, त्याच्यावर कुठला डिटेक्टर वाजतो? मामाची मदत संस्कार, अ‍ॅपची मदत चोरी! पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे मामा नसतो, मोबाइल असतो.

म्हणून अ‍ॅप फेकून द्या असं मी म्हणणार नाही. स्पेलिंग, आर्टिकल, काळ यांच्या सूचना एकेक करून वाचा आणि पटली तरच घ्या. 'सगळं स्वीकारा' आणि 'पुन्हा लिहा' ही दोन बटणं सोडा. शिक्का बसला म्हणून 'मानवी करून देतो' म्हणणाऱ्या अ‍ॅपकडे तर जाऊच नका, तिथे उरलेला मजकूरही मशीनचा होतो.

वहीच्या पानांचे तारखेसह फोटो ठेवा. मसुदा गुगल डॉक्समध्ये थोडा थोडा टाइप करा, एकदम चिकटवू नका. त्याच्या आवृत्ती-इतिहासात कुठल्या दिवशी कुठला परिच्छेद वाढला ते राहतं. अ‍ॅपमधून काढण्याआधीची प्रत वेगळी ठेवा. उद्या समितीसमोर बोलावलं तर लेखी विचारा: कुठली वाक्यं, कुठलं सॉफ्टवेअर, विद्यापीठाचा कुठला नियम, आणि माझ्या मसुद्याशी ताडून कुणी पाहिलं का? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचा एआय डिटेक्टर बंदच केला. त्यांचा हिशोब साधा होता: वर्षाला ७५,००० पेपर, चूक फक्त एक टक्का धरली तरी ७५० पेपरांवर खोटा शिक्का. आपल्याकडच्या समित्यांना हा हिशोब पाठ करून सांगा आणि प्रबंधावर तोंडी प्रश्न विचारा म्हणा. ज्या मुलीने तो लिहिलाय, ती आजीच्या बिडीच्या मजुरीचा दरसुद्धा सांगेल.