फोनवरचा डेसिबलचा आकडा किती खरा मानायचा?

वस्तीत मांडव पडला, डीजेच्या भिंती लागल्या की आजकाल अनेक तरुण मोबाईलवर आवाज मोजणारे ॲप उघडतात आणि स्क्रीनवर दिसलेला आकडा व्हॉट्सॲपवर टाकतात. सावेडी असो, श्रीरामपूर असो की संगमनेर, चित्र सारखेच. सवय चांगली आहे. मात्र तो आकडा कसा घेतला यावरच त्याची किंमत ठरते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना पोलिसांनीही आवाज तपासायला असे मोबाईल ॲप वापरावे, असे म्हटले. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि ती परिसरातल्या सगळ्या आवाजांची मिळून आहे, प्रत्येक भोंग्याला वेगळी नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा.

पहिली चूक होते ती सर्वांत मोठा आकडा उचलण्याची. दार आपटले तरी स्क्रीनवर ८० दिसतात. कायद्याची मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीवर आहे. ॲपमध्ये ती Leq, LAeq किंवा Avg या नावाने दिसते. ही सरासरी साध्या बेरजेची नसते, कारण दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. समजा दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटे खोलीत ५० डेसिबल आहे आणि एक मिनिट ७०. साधी सरासरी ५२ येईल, खरी Leq मात्र ६० च्या आसपास येते. ते एक मिनिटच बाकीच्या नऊ मिनिटांवर भारी पडते. झोपलेल्या आजाऱ्याच्या किंवा तान्ह्या बाळाच्या बाबतीतही तसेच घडते.

मोजायची रीत सोपी आहे. फोनचे कव्हर काढा. स्टुलावर दुमडलेले फडके ठेवून त्यावर खोलीच्या मध्यभागी, भिंतींपासून हातभर लांब फोन ठेवा. खालच्या बाजूचे माईकचे छिद्र मोकळे असू द्या. पंखा बंद करा, बोलू नका. ॲपमध्ये A हे सेटिंग निवडा आणि दहा मिनिटे फोनला हात लावू नका. Leq, तारीख, वेळ आणि खिडकी उघडी की बंद हे वहीत लिहा. शांत रात्रीही त्याच जागी, त्याच फोनवर एकदा मोजा.

आता मर्यादा. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. शांत खोलीतही आकडा ३५-४० च्या खाली जात नसेल, तर तो बहुधा फोनचाच आवाज असतो. उलट डीजेजवळ आकडा एका जागी अडकला, तर माईकची झेप संपली असे समजा. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये अनेक ॲप तपासली, तेव्हा मोजकीच खऱ्या यंत्राच्या दोन डेसिबलच्या आत आली. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक माईक बदलतो, म्हणून एकच ॲप दोन फोनवर वेगवेगळे आकडे दाखवते. शिवाय A सेटिंग खोल ठोक्याचा आवाज फार कमी धरते. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबलने. छाती दणाणते, खिडकीच्या काचा थरथरतात आणि आकडा मात्र तितका दिसत नाही, त्याचे कारण हे. अशा वेळी C सेटिंगवरही एक मोजणी घ्या.

म्हणून माझे मत असे, की फोनचा आकडा निकाल म्हणून नव्हे, फरक म्हणून वापरावा. शांत रात्री ४० आणि मांडव सुरू असताना त्याच जागी ६५, तर फोनमध्ये पाचाची चूक धरली तरी २५ चा फरक बोलका आहे. पण ४५ च्या मर्यादेसमोर ४८ दाखवून भांडणे व्यर्थ. नियमातही मर्यादेपेक्षा दहा किंवा अधिक डेसिबल आवाज असेल, तर तक्रारीचा हक्क दिलेला आहे. ही मर्यादा परिसराची आहे, खोलीतली नाही. त्यामुळे तक्रारीसाठी मोजणी खिडकीत किंवा अंगणात घ्यावी आणि अंतिम मोजणी यंत्राने करण्याची मागणी करावी.

रात्री दहानंतर तर आकड्याचीही गरज नाही. सरकारने खास सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर उघड्यावर भोंगा लावणे तेव्हा मुळातच मना आहे. तिथे घड्याळ हाच पुरावा. ११२ वर फोन करून वेळ आणि ठिकाण सांगावे.

हा नियम गणपतीला, लग्नाच्या वरातीला आणि १४ एप्रिलच्या आपल्या मिरवणुकीलाही सारखाच लागू आहे. दुसऱ्याच्या मांडवासमोर फोन धरण्याआधी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आपल्या डीजेसमोरच्या घरात दहा मिनिटे फोन ठेवून पाहावा. मग आपले म्हणणे कोणी उडवून लावू शकणार नाही.